मुलांची ग्रामसभा आणि तीन हजार रुपये

शीळफाट्याच्या आसपास पाच-सात किलोमीटरच्या टापूत ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि नवी मुंबई अशा तीन महापालिकांच्या हद्दी एकमेकींजवळ येतात. त्यांच्या मधल्या गावांना आपला कारभार नेमका कोण पाहतं, हे दर काही वर्षांनी नव्यानं विचारावं लागलं आहे. कल्याण-डोंबिवलीच्या बाजूची २७ गावं १९८३ मध्ये महापालिकेत गेली, २००२ मध्ये बाहेर पडली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत आली. २०२० मध्ये त्यातली १८ गावं वगळण्याचा निर्णय झाला आणि उच्च न्यायालयानं तो त्याच वर्षी रद्द केला. फाट्याच्या दुसऱ्या बाजूची दहिसर, पिंपरी, नावाळी, भंडार्ली, वाकळण, उत्तरशिव ही आणि त्यांच्या शेजारची मिळून १४ गावं २००७ मध्ये नवी मुंबई महापालिकेतून वगळली गेली. ती परत महापालिकेत घेण्याची घोषणा २०२२ मध्ये झाली. खुद्द शीळ गाव ठाणे महापालिकेत आहे.

याचा अर्थ असा, की एकाच घरात आजोबांनी ग्रामसभेत हात वर केलेला असतो, वडिलांनी नगरसेवकाला मत दिलेलं असतं आणि नातवाला सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामसभा हा धडा पाठ करावा लागतो. महापालिका हद्दीतल्या गावात ग्रामसभा भरत नाही. शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ पासून आहे, पण अशी सभा भरलेली पाहिलेला नागरिक शोधूनच काढावा लागेल. त्यामुळे या पट्ट्यातल्या शाळेत मुलांची लुटुपुटीची ग्रामसभा भरवली जाते तेव्हा काही मुलांना ती आपल्या गावातल्या सभेची नक्कल वाटते आणि काहींसाठी ती आयुष्यात पाहिलेली पहिलीच सभा असते.

असा उपक्रम अनेक शाळांत होतो. साधारण रूप ठरलेलं असतं. एक मूल सरपंच, एक ग्रामसेवक, चार-पाच सदस्य, उरलेले ग्रामस्थ. पाण्याचा प्रश्न निघतो, कोणीतरी रस्त्याबद्दल बोलतं, सरपंच आश्वासन देतो, टाळ्या होतात, तास संपतो. यात मुलांना शब्द समजतात, निर्णय समजत नाही, कारण निर्णय घ्यायला काही नसतंच. म्हणून गेल्या काही दशकांत जगभर आणि आपल्याकडेही या खेळात एक छोटी खरी रक्कम घालण्याचे प्रयोग झाले. त्यांचा आढावा घेताना माझं एक मत घट्ट झालं आहे. खरे पैसे हातात दिल्यानं खेळ जिवंत होतो हे खरं, पण मुलं जे शिकतात त्यातलं निम्मं दुसऱ्या सभेत असतं, जिथे हिशेब वाचून दाखवावा लागतो. आणि नेमकी तीच सभा बहुतेक ठिकाणी भरत नाही.

आपल्याकडचं सगळ्यात भक्कम उदाहरण शाळेच्या नाटकातून आलेलं नाही, स्वयंपाकघरातून आलेलं आहे. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर सेवाग्रामला आर्यनायकम आणि आशादेवी यांनी नयी तालीमची शाळा चालवली. तिथे विद्यार्थ्यांची आमसभा असायची. ती आपले मंत्री निवडायची: सफाईचा, आरोग्याचा, भोजनाचा. भोजनमंत्री झालेल्या मुलाकडे खरी धान्याची कोठी आणि खरा खर्च असायचा. ठरलेल्या पैशात सगळ्यांचं पोट भरेल आणि आहार चौरस राहील, हे त्यानं बघायचं. मुदत संपली की आमसभेपुढे उभं राहून आपल्या खात्याचं काम सांगायचं. इथे मंत्री होणं हे सोंग नव्हतं. भाजी संपली तर ती खरोखर संपायची, आणि विचारणारे सवंगडी रोज पंगतीला शेजारी बसायचे.

दुसरं उदाहरण शेजारच्या कर्नाटकातलं आहे. उडुपी जिल्ह्यातल्या कुंदापूर भागात काम करणाऱ्या मुलांच्या ‘भीम संघ’ या संघटनेनं आणि तिच्या पाठीशी असलेल्या ‘कन्सर्न्ड फॉर वर्किंग चिल्ड्रन’ या संस्थेनं १९९० च्या दशकात मुलांच्या पंचायती, म्हणजे ‘मक्कळ पंचायत’, उभ्या केल्या. मुलांनी स्वतः घरोघर फिरून माहिती गोळा केली, गावाचे नकाशे काढले, पावसाळ्यात कोणते ओढे ओलांडता येत नाहीत ते दाखवलं आणि ते सगळं मोठ्यांच्या पंचायतीपुढे ठेवलं. पुढे २००६ च्या सुमाराला कर्नाटक सरकारनं प्रत्येक ग्रामपंचायतीत वर्षाला मुलांची ग्रामसभा घेण्याची सूचना काढली. तिथे मुलांच्या हाती पैसा नव्हता, मागणी होती. पण ती मागणी मोजमापासह होती, आणि मोठ्यांनी उत्तर द्यायचं होतं.

परदेशातली दोन उदाहरणं रकमेच्या दृष्टीनं उपयोगी आहेत. ब्राझीलच्या बारा मान्सा शहरात १९९० च्या दशकाच्या अखेरीस मुलांची परिषद सुरू झाली. तिच्यात ३६ बालसदस्य, त्यात १८ मुली आणि १८ मुलगे, आणि शहराच्या अंदाजपत्रकातला एक ठरावीक वाटा त्यांच्या निर्णयाला मोकळा ठेवलेला. पोर्तुगालनं २०१७ पासून सरकारी शाळांमध्ये मोठ्या वर्गांसाठी विद्यार्थ्यांचं अंदाजपत्रक आणलं. दर विद्यार्थ्यामागे एक युरो, आणि शाळा कितीही छोटी असली तरी किमान ५०० युरो. विद्यार्थी प्रस्ताव लिहितात, त्याला पाठिंबा गोळा करतात, मग मतदान होतं. त्यातली किमान रकमेची अट मला फार शहाणपणाची वाटते. रक्कम इतकी कमी असता कामा नये की तिच्यातून एकच वस्तू येईल आणि निवडायला काही उरणार नाही. ती इतकी जास्तही नको की मोठी माणसं काळजीनं मध्ये पडतील. मुलांच्या यादीतल्या साधारण निम्म्या इच्छा पुऱ्या होतील इतके पैसे असले की चर्चा खरी होते.

आपल्या शाळांमध्ये असा पैसा कुठून येतो? सगळ्यात सोपी वाट बाल आनंद मेळाव्याची. मुलं घरून भेळ, चिंचेच्या गोळ्या, कोकम सरबत, कोथिंबिरीच्या जुड्या आणतात, गावकरी विकत घेतात, संध्याकाळी गल्ल्यात काही रक्कम उरते. बहुतेक वेळा ती वाटून टाकली जाते किंवा शाळेच्या नावानं जमा होते. तीच रक्कम वर्गाची सामायिक म्हणून बाजूला काढली, तर तिच्यावर मुलांचा हक्क कोणी नाकारू शकत नाही, कारण ती त्यांनीच कमावलेली असते.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत चालवून पाहू. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण शीळ-डायघरच्या कुठल्याही सहावीच्या वर्गाला ते लागू पडतील. वर्गात ३० मुलं हजर आहेत आणि मेळाव्यातून उरलेले ३,००० रुपये आहेत.

पहिली अडचण भूमिकांची. नेहमीच्या खेळात शिक्षक चिठ्ठ्या वाटतात. तू म्हातारी आजी, तू शेतकरी, तू रागीट तरुण. पैसे खोटे असतील तोवर हे ठीक आहे. पैसे खरे झाले की घोटाळा होतो. आजी झालेली मुलगी आजीच्या आवाजात देवळाच्या रंगाचा आग्रह धरते, आणि तिला स्वतःला दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या हव्या असतात ते मनातच राहतं. मतदानाच्या वेळी मत कोणाचं धरायचं, आजीचं की तिचं? माझ्या मते खऱ्या रकमेच्या सभेत सोंगं फक्त कामाची द्यावीत: अध्यक्षपद चालवणारा सरपंच, इतिवृत्त लिहिणारा ग्रामसेवक, पैशाची नोंद ठेवणारा, वेळ पाहणारा. ती चिठ्ठ्या टाकून वाटावीत, कारण निवडणुकीनं वाटली तर नेहमीचीच चार मुलं पुढे येतात. बाकी प्रत्येकानं स्वतः म्हणूनच बसावं. फक्त दोन-तीन मुलांना अशांचा आवाज व्हायला सांगावं जे तिथे बसलेले नाहीत: पहिली-दुसरीची मुलं, पुढच्या वर्षी या वर्गात येणारी मुलं, आणि आईबापांबरोबर बांधकामावर किंवा गोदामावर जावं लागतं म्हणून ज्यांची हजेरी पडत नाही ती मुलं. शीळफाट्याच्या शाळांत शेवटच्या गटातली मुलं थोडी नसतात, आणि त्यांच्या घरची भाषा अनेकदा मराठी नसते. त्यांनी हिंदीत किंवा भोजपुरीत मांडलेला मुद्दा ग्रामसेवकानं मराठीत लिहून, वाचून दाखवून, ‘बरोबर लिहिलं का?’ असं विचारायचं. इतिवृत्ताचं काम मुलांना पहिल्यांदा समजतं ते इथे.

शिक्षकांनी सरपंच होऊ नये, हे सांगायची गरज नाही. पण ते कुठे बसतात हेही महत्त्वाचं असतं. फळ्यापाशी उभे राहिले तर मुलं बोलताना सरपंचाकडे न बघता त्यांच्याकडे बघतात. ते मागच्या बाकावर, मुलांच्या पाठीमागे बसले की नजर आपोआप अध्यक्षाकडे जाते. एवढ्या बदलानं सभेचा सूर पालटतो.

सभेच्या रीती खऱ्या ग्रामसभेतूनच घ्याव्यात, कारण त्या रीतींमागे कारणं आहेत. नोटीस सात दिवस आधी लागते, म्हणजे विचार करायला आणि बाजारात भाव विचारायला वेळ मिळतो. विषयपत्रिका आधी लावलेली असते, म्हणजे ऐनवेळी कोणी मोठा खर्च पुढे रेटू शकत नाही. ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतो, म्हणजे निदान दोन माणसांनी आपलं नाव त्याला दिलेलं असतं. गणपूर्ती मात्र मुलांनी स्वतः ठरवावी. ग्रामसभेसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार यांपैकी जो आकडा कमी तो पुरतो, आणि तेवढेही आले नाहीत तर तहकूब झालेली सभा पुन्हा भरताना गणपूर्तीची अट राहत नाही. वर्गात १५ टक्के म्हणजे पाच मुलं. ३० जणांचे पैसे पाच जणांनी खर्च करायचे का, हा प्रश्न विचारला की वर्ग आपला आकडा बराच वर नेतो. गावच्या तहकूब सभांमध्ये नेमकं काय निसटतं, याचा अंदाजही त्याच वेळी येतो.

सात दिवसांत मुलांनी भाव काढून आणले. दोन बॅटी आणि डझनभर टेनिस चेंडू, २,००० रुपये. वर्गाच्या कपाटासाठी गोष्टींची पुस्तकं, १,५०० रुपये. हात धुण्याच्या जागेचे दोन गळके नळ बदलणं, प्लंबरच्या मजुरीसह १,२०० रुपये. कॅरम आणि उड्यांच्या दोऱ्या, ९०० रुपये. एकूण मागणी ५,६०० रुपयांची, हातात ३,०००.

इथे पहिला सापळा असतो, आणि तो भांडणाचा नसून सलोख्याचा असतो. कोणीतरी म्हणतं, ‘सगळ्यांना सारखे वाटून टाकू.’ चार विषय, प्रत्येकी ७५० रुपये. सगळे हसतात, सभा दहा मिनिटांत संपते. आणि हाती काय येतं? एक बॅट आणि एक चेंडू. दहा पुस्तकं. नळ विकत आले, पण बसवणाऱ्याची मजुरी नाही. कॅरम आला, दोऱ्या नाहीत. पैसे संपले आणि एकही काम धड पुरं झालं नाही. मोठ्यांच्या ग्रामपंचायतीत प्रत्येक वॉर्डाला थोडे थोडे पैसे वाटून अर्धवट गटारं आणि अर्धवट रस्ते होतात, त्यामागे हाच हिशेब असतो. वाटणीचा ठराव आला तर शिक्षकांनी तो थांबवू नये. फक्त सरपंचानं प्रत्येक गटाला एकच प्रश्न विचारावा: एवढ्या पैशात तुमचं काम पुरं होतं का? उत्तरं फळ्यावर लिहिली की ठराव बहुधा आपणच मागे पडतो.

दुसरा सापळा मतदानाचा. प्रत्येकानं एकाच विषयाला हात वर करायचा असं ठरवलं, तर क्रिकेटला १२, नळांना ७, पुस्तकांना ६ आणि कॅरम-दोऱ्यांना ५ हात येतात. क्रिकेट जिंकलं. पण ३० पैकी १८ मुलांची ती पहिली पसंती नाही, आणि मैदानावर कोण खेळतं हे पाहिलं तर त्या अठरांत बहुतेक मुली असतात. आता पद्धत बदलू. जो जो विषय तुला चालेल त्या प्रत्येकाला हात वर कर, कितीही वेळा. मग नळांना २४, कॅरम-दोऱ्यांना १७, क्रिकेटला १५ आणि पुस्तकांना १३ हात मिळतात. मुलं तीच, त्यांच्या आवडी त्याच, पहिला क्रमांक वेगळा. जो विषय थोड्यांना फार हवा असतो आणि जो बहुतेकांना चालणारा असतो, त्यांत फरक आहे, आणि सभेनं कशाला महत्त्व द्यायचं हे मतदानाआधीच ठरवायला हवं. निकाल आवडला नाही म्हणून नंतर पद्धत बदलायची नाही, ही अट मुलं फार लवकर समजून घेतात, कारण खेळाचे नियम मध्येच बदलणारा त्यांना मैदानावर रोज भेटतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं बहुमत बाजूला ठेवून सर्वसहमतीनं निर्णय घेण्याची रीत रुजवली, ती या दोन्हींपेक्षा वेगळी वाट. तिला वेळ लागतो. मेंढ्यात सभेआधी अभ्यास गटात विषयाची नीट चर्चा होते, ती सोडून फक्त सहमतीचा आग्रह धरला तर वर्गात शेवटी सगळ्यात कमी बोलणारी मुलं मान डोलावून मोकळी होतात. एका तासाच्या सभेत मी ती वाट सुचवणार नाही.

नळ पहिले आले. बहुतेक मोठी माणसं इथे मुलांचं कौतुक करतील: बघा, खेळण्याऐवजी पाणी निवडलं. मला मात्र हीच जागा सगळ्यात नाजूक वाटते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेत पिण्याचं सुरक्षित पाणी आणि मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं असायलाच हवीत, आणि सरकारी शाळांत ती देण्याची जबाबदारी शासनाची आहे. सरकारी शाळांना समग्र शिक्षामधून संयुक्त शाळा अनुदान मिळतं, १०१ ते २५० पटाच्या शाळेला वर्षाला ५०,००० रुपये, आणि त्यात देखभालीचा खर्चही धरलेला असतो. मग भेळ विकून मिळवलेल्या पैशातून शाळेचा नळ दुरुस्त करायला मुलांना का शिकवायचं? आपल्या हक्काची गोष्ट स्वतःच्या खिशातून भागवणारा सोशिक नागरिक घडवणं हा या सभेचा हेतू असू शकत नाही. पण दुसरी बाजूही खरी आहे. नळ आज गळतोय, टँकरनं भरलेल्या टाकीतलं पाणी आज वाया जातंय, आणि ज्या २४ मुलांनी हात वर केले त्यांना त्याचा त्रास रोज होतो.

यातून बाहेर पडायची वाट खऱ्या सभेच्या कामकाजातच आहे. ठराव दोन प्रकारचे करायचे. एक खर्चाचा, एक मागणीचा. नळांसाठी मागणीचा ठराव करून तो शाळा व्यवस्थापन समितीकडे द्यायचा. या समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि महाराष्ट्रात विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही बसतात, त्यामुळे तो ठराव वाचून दाखवायला माणूस घरचाच मिळतो. पत्रात नळ किती, किती दिवस गळतात, तासाला किती बादल्या पाणी जातं आणि दुरुस्तीचं दरपत्रक, एवढं असावं. बादली लावून मोजता येतं. कुंदापूरच्या मुलांची ताकद या मोजण्यातच होती. त्याच वेळी १,२०० रुपये राखीव ठेवायचे, पुढच्या सभेपर्यंत, म्हणजे समितीनं काहीच केलं नाही तर मुलांपुढे पर्याय उरतो.

उरले १,८००. पुढचा क्रम कॅरम-दोऱ्यांचा, ९०० रुपये. राहिले ९००, आणि क्रिकेटची मागणी २,००० ची. नियम काटेकोर लावला तर क्रिकेट सोडून पुस्तकांकडे जावं लागेल, कारण पुस्तकं कमी-जास्त घेता येतात. पण मग ज्या १२ मुलांची पहिली पसंती क्रिकेट होती, त्यांच्या हाती काहीच येत नाही. सरपंचानं क्रिकेटवाल्यांना विचारलं, काम छोटं होईल का? एक बॅट ७०० ची आणि दोन चेंडू १०० चे, ८०० त भागतं. पुस्तकवाल्यांनी हरकत घेतली. त्यांना काहीच मिळालं नव्हतं, आणि ती हरकत रास्त होती. त्यावर असं ठरलं की पुढच्या सभेत पैसे उरले किंवा आले तर पुस्तकांचा विषय पहिला घ्यायचा, आणि तसं इतिवृत्तात लिहायचं. शिल्लक १०० रुपये.

हरलेल्या गटाचं नाव इतिवृत्तात असणं मला फार मोलाचं वाटतं. पुढच्या वेळेचं वचन तोंडी दिलं की ते विरतं. वहीत लिहिलं की पुढची सभा त्यानंच सुरू करावी लागते.

इथवर बहुतेक प्रयोग येतात आणि थांबतात. फोटो निघतो, बातमी येते. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर मात्र पहिला विषय नेहमी एकच असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. त्यानंतर जमाखर्च. या ओळी वाचताना मोठी माणसं जांभई देतात, पण सभेची सगळी ताकद त्यांच्यात आहे. म्हणून मुलांची दुसरी सभा महिन्याभरानं भरलीच पाहिजे, आणि तिची तारीख पहिल्या सभेतच नोटीस फलकावर लागली पाहिजे.

मधल्या महिन्यात खरेदी होते, आणि ती एकट्या शिक्षकांनी करून आणली तर निम्मं शिक्षण वाया जातं. दोन मुलं आणि एक पालक बाजारात जातात. दोन-तीन दुकानांचे भाव लिहून आणतात. पावती घेतात, तिच्यावर तारीख आणि दुकानाचा शिक्का आहे ना ते पाहतात. वहीत डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च, प्रत्येक खर्चासमोर पावतीचा क्रमांक. ग्रामपंचायतीत सामान्य रोकडवही नमुना ५ मध्ये ठेवतात. ती एकदा दाखवली की मुलांना आपली वही कशाची धाकटी बहीण आहे ते कळतं.

दुसऱ्या सभेत हिशेब वाचला गेला. बॅट आणि चेंडू, ८००, ठरल्याप्रमाणे. कॅरम आणि दोऱ्या, ९७०. सत्तर रुपये जास्त. का? कॅरमबरोबर पावडर आणि जादा सोंगट्या घेतल्या, दुकानदार म्हणाला लागतातच. ते खरंही असेल. पण सभेनं ९०० मंजूर केले होते, आणि दोन जणांनी दुकानात उभं राहून सगळ्यांचे ७० रुपये जास्त खर्च केले. इथे वर्ग तापतो. कोणी ‘चोरी’ हा शब्द वापरतं, कोणी म्हणतं एवढ्याशा पैशांसाठी काय. दोन्ही टोकं चुकीची आहेत हे मुलांना दाखवायला पंचायतीच्या कामकाजात एक सोय आहे: कार्योत्तर मंजुरी. खर्च करणाऱ्यांनी कारण सांगायचं, पावती दाखवायची आणि सभेकडे मंजुरी मागायची. सभा ती देईल किंवा नाकारेल. नाकारली तर ७० रुपये कोणी भरायचे, हा प्रश्न उभा राहतो, आणि पुढच्या वेळी दुकानात उभं राहिलेलं मूल आधी फोन करतं. आपल्या वर्गानं मंजुरी दिली, शिल्लक १०० मधून ७० गेले, ३० राहिले.

कमी-जास्त झालेला हा खर्च शिक्षकांनी गुपचूप खिशातून भरू नये. प्रेमळपणानं असं पुष्कळदा होतं. हिशेब जुळतो, आणि मुलांना तो जुळलाच होता असं वाटतं.

मग नळ. व्यवस्थापन समितीचं उत्तर आलं असेल किंवा नसेल. समजा, अनुदान आल्यावर करू, असं तोंडी उत्तर आलं. आता राखीव १,२०० रुपयांचं काय? थांबावं, तर पाणी गळतच राहतं. खर्च करावा, तर मागणीचा जोर जातो. पुस्तकवाले वहीतलं वचन काढून दाखवतात. माझ्या मते अशा वेळी मुलांनी आधी लेखी उत्तर मागावं आणि त्याला मुदत घालावी, पण निर्णय त्यांचा आहे आणि तो वेगळा निघाला तरी चालेल. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, आणि तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना त्यांनी सहभाग मानलंच नाही. शोभेसाठी मुलांना पुढे करणं त्या तिनांत येतं. निर्णय मोठ्यांना हवा तोच निघाला पाहिजे अशी खटपट केली, तर खरे तीन हजार रुपये देऊनही आपण तिथेच राहतो.

एक मर्यादा मान्य करायला हवी. वर्गाचा पैसा मुलांच्या निर्णयानं खर्च झाला म्हणून गावाचा पैसा तसा होईल, असं नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाचे १० टक्के महिला आणि बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात, आणि विकास आराखडा करताना मुलांचं म्हणणं ऐकण्याची अपेक्षाही आहे. जिथे ग्रामपंचायत आहे तिथे मुलांच्या सभेचा मागणी-ठराव थेट ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर जाऊ शकतो. शीळफाट्याच्या परिसरात ही वाट गावागणिक बदलते. महापालिकेच्या हद्दीत वर्गाचं पत्र प्रभाग कार्यालयाकडे किंवा नगरसेवकाकडे जाईल. शाळा जिल्हा परिषदेची आणि पाणी दुसऱ्याच यंत्रणेचं असेल, तर एका नळासाठी दोन पत्रं लागतील. पत्ता शोधणं हे मग सभेच्या कामाचाच भाग धरावं. दोन मुलांना आठवडाभरात एवढंच शोधून आणायला सांगावं, की आपल्या शाळेच्या नळाची जबाबदारी आज कोणत्या कार्यालयाची आहे आणि तिथे पत्र दिल्याची पोच कोण देतं. या भागात हे मोठ्यांनाही चटकन सांगता येत नाही.

जूनमध्ये हा वर्ग सातवीत जातो. वही, पावत्यांची पाकिटं, उरलेले ३० रुपये, राखीव रकमेचा ठराव आणि पोचेची प्रत नव्या सहावीकडे सोपवायची, आणि सोपवताना दोन्ही वर्गांच्या ग्रामसेवकांनी सही करायची. नव्या वर्गाच्या पहिल्या सभेत पहिला विषय तयार असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. त्यात पुस्तकांचा विषय पहिला घ्यायचा असं लिहिलेलं आहे. नवी मुलं ते मानतील किंवा नवा ठराव करून बदलतील. बदलायचं असेल तर सूचक आणि अनुमोदक लागतील, आणि सातवीतली पुस्तकवाली मुलं दाराशी येऊन ऐकू शकतील.